दोन मैत्रिणींची कादंबरी आणि प्रेमकथेचा साचा

कादंबरीचा भावनिक कणा म्हणजे असं नातं, जे काढून घेतलं तर उरलेली प्रकरणं एकमेकांना धरून राहत नाहीत. हे तपासायची पद्धत सोपी आहे. कादंबरीचं कथानक एका पानात लिहून काढायचं आणि त्यातून मैत्रिणीचं नाव खोडायचं. नायिकेचं लग्न, नोकरी, बाळंतपण, घरातली भांडणं सगळं होतं तसंच घडत असेल, तर मैत्रीण कणा नाही. ती सोबतीला आहे, मन मोकळं करायला आहे. पण नाव खोडल्यावर नायिकेच्या मोठ्या निर्णयांना कारणच उरत नसेल, तर कणा तिथं आहे.

मराठीत मैत्रीण फार पूर्वीपासून आहे. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मध्ये यमूची मैत्रीण दुर्गी आहे आणि तिच्या संसाराचे हाल वाचताना आजही पोटात तुटतं. तरीही ती कादंबरी यमूच्या आयुष्याची आहे. दुर्गीचं दुःख यमूच्या दुःखाला जोड देतं, बाईच्या जगण्याची आणखी एक बाजू दाखवतं. यात काही उणं नाही. फक्त जोडीला चालणारं कथानक आणि कणा ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्याकडच्या बहुतेक कादंबऱ्यांत मैत्रिणीला पहिलं काम मिळतं, म्हणून दुसरं कसं करायचं याचे नमुने हाताशी कमी असतात. मग लिहिणारा माणूस नकळत प्रेमकथेचा साचा उचलतो आणि नायकाच्या जागी मैत्रीण बसवतो. पहिली पन्नास पानं बरी जातात. त्यानंतर कादंबरी अडते.

ती का अडते हे कळायला प्रेमकथा कशावर चालते ते आधी पाहू. तिला तीन गोष्टी आयत्या मिळतात. एक म्हणजे उघडा प्रश्न: ही दोघं एकत्र येतील का? शेवटपर्यंत त्याचं उत्तर मिळत नाही, म्हणून वाचक पान उलटतो. दुसरी गोष्ट म्हणजे बाहेरचा विरोध: जात, घरचे, पैसा, आधी ठरलेलं स्थळ. कुणीतरी ठामपणे आडवं येतं आणि प्रसंग तयार होतो. तिसरी गोष्ट म्हणजे समाजाने आखून दिलेले टप्पे. भेट, होकार, बोलणी, साखरपुडा, लग्न, किंवा यांतलं काहीतरी मोडणं. कथा कुठवर आली हे वाचकाला या टप्प्यांवरून आपोआप कळतं.

मैत्रीला यातलं काहीच मिळत नाही. दोघी एकत्र येतील का, याचं उत्तर तिसऱ्या पानावर मिळून जातं. शाळेत एका बाकावर बसल्या की झालं. विरोधही होत नाही, कारण दोन बायकांच्या मैत्रीला अडवावं इतकं महत्त्व तिला कुणी दिलेलंच नसतं. आणि टप्पे तर नाहीतच. मैत्रीला लग्न नसतं, काडीमोड नसतो, सुतकही नसतं. मैत्रीण गेली म्हणून कुणी सुट्टी देत नाही. तेव्हा मैत्रीवर कादंबरी उभी करायची, तर प्रश्न, अडसर आणि टप्पे या तिन्ही गोष्टी लिहिणाऱ्याला स्वतः घडवाव्या लागतात. पुढचा सगळा भाग या कामाविषयी आहे.

एक कादंबरी आखून पाहू

ठिकाण सांगली जिल्ह्यातला खानापूर तालुका, विट्याच्या बाजूचं एक कोरडवाहू गाव. शांता आणि मालन १९६२च्या जन्माच्या. १९७२च्या दुष्काळात दहा वर्षांच्या असताना दोघी आपापल्या आयांबरोबर खडी फोडायच्या कामावर जातात आणि तिथं मिळणारी सुकडी वाटून खातात. १९७९च्या सुमारास दोघींची लग्नं होतात. शांताला मामाच्या मुलाला देतात, तीही त्याच गावात. तिचं माहेर आणि सासर एकाच गल्लीत. मालनला शेजारच्या गावातला गलाईवाला नवरा मिळतो. या तालुक्यातली आणि आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. मालन नवऱ्याबरोबर कोइमतूरला जाते.

मालनला भाऊ नाही. तिचा बाप गावातच म्हातारा होतो, त्याचं शेवटचं दुखणं शांता काढते. तो गेल्यावर त्याची तीन एकर जिराईत मालनच्या नावावर येते. मालन ते रान शांताला अर्धेलीनं लावते. ज्वारी, मटकी, जे पिकेल त्यातलं निम्मं. लिहून काही ठेवलेलं नाही. बरीच वर्षं हे चालतं, कारण त्या रानात वाद घालावा असं काही पिकतच नाही. मग टेंभूचं पाणी येतं. कराडजवळ उचललेलं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं चढवत या दुष्काळी तालुक्यांत आणलं गेलं, आणि ज्या रानाला कुणी विचारत नव्हतं त्याची किंमत एकदम वाढली. शांताचा मुलगा त्या तीन एकरांत डाळिंब लावतो.

या आखणीत एक गोष्ट मुद्दाम केली आहे. दोघींना वेगळं करणारी सगळी कारणं साधी आणि त्या भागातली आहेत: लग्न, धंद्यासाठी गाव सोडणं, पाऊस नसणं, पाणी येणं. खलनायक कुणीच नाही. मैत्रीच्या कादंबरीत अडसर बहुतेक असाच असतो. तिला कुणी तोडत नाही, बाकीच्या कामांपुढे ती मागे पडत जाते. गावी चार दिवस आलेली मालन दोन दिवस सासरी, एक दिवस देवाला आणि एक दिवस दवाखान्यात घालवते. शांताकडे यायला वेळ उरत नाही आणि त्यात कुणाचं काही चुकलं असं घरात कुणालाच वाटत नाही. असा न दिसणारा अडसर पानावर कसा दाखवायचा, हा पहिला खरा प्रश्न आहे. शांताला वाईट वाटलं असं सांगून भागत नाही. मालन येणार म्हणून शांतानं त्या दिवशी काय बदललं ते दाखवावं लागतं: मजुरीचा दिवस बुडवला, रानात जायचं टाळलं, पुरणाची डाळ शिजत घातली. संध्याकाळी तीच डाळ घरच्यांच्या आमटीत जाते आणि कुणी काही विचारत नाही. अडसर निष्क्रिय असेल तर त्याची किंमत कृतीतून दाखवावी लागते.

मुख्य प्रश्न कोणता

‘मैत्री टिकेल का?’ हा प्रश्न पुरेसा वाटतो, पण पुरत नाही. तो फार ढोबळ आहे. टिकणं म्हणजे काय हेच वाचकाला कळत नाही. प्रेमकथेत एकत्र येणं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक असतं.

उपयोगी पडणारा प्रश्न असा मांडता येतो: दोघींची परिस्थिती सारखी असताना बांधलेलं नातं, परिस्थिती वेगळी झाल्यावर कुणाच्या जिवावर चालणार? खडी फोडताना शांता आणि मालन सारख्याच भुकेल्या होत्या. तेव्हा कुणाचं कुणावर देणं नव्हतं. १९९५च्या सुमारास एकीच्या घरी टेलिफोन आहे आणि दुसरी विट्याच्या बूथवर रांगेत उभी आहे. आता प्रत्येक मदतीला दिशा आली: कोण देतंय, कोण घेतंय. मालन शांताच्या मुलीच्या लग्नात दोन तोळ्यांचा हार घालते. शांता मालनच्या बापाचं हगणं-मुतणं काढते. यातलं मोठं देणं कोणतं? दोघींची उत्तरं वेगळी आहेत आणि दोघींना ती उघड बोलता येत नाहीत, कारण मैत्रीत हिशेब काढला की मैत्रीच मोडीत निघाल्यासारखं होतं. कादंबरी चालते ती या न बोललेल्या हिशेबावर.

यातून हेवाही आपोआप येतो, आणि इथं प्रेमकथेपेक्षा मोठा फरक पडतो. प्रेमकथेत हेवा तिसऱ्या माणसाचा असतो. मैत्रीत हेवा वाटतो तो मैत्रिणीचाच, जिच्यावर जीव आहे तिचाच. मालनचं घर, तिची मऊ पडलेली बोटं शांताला खुपतात. गावात मान असलेली, चार बायका जिला विचारून काम करतात ती शांता मालनला खुपते, कारण कोइमतूरमध्ये मालनला ओळखणारं कुणी नाही. हेवा एकतर्फी लिहिला, गरिबाचा श्रीमंताबद्दल एवढाच, तर नातं तिथंच सपाट होतं. दोघींपाशी एकमेकींना हवी असलेली एकेक गोष्ट असली पाहिजे. आखणी करतानाच ती एका ओळीत लिहून ठेवावी. ती ओळ लिहिता येत नसेल, तर पात्रं अजून तयार नाहीत असं समजावं.

पुरुष मध्ये आला की

सगळ्यात जास्त कादंबऱ्या इथं बिघडतात. मैत्री तुटायला काहीतरी जोरदार कारण हवं म्हणून लेखक एकीचा नवरा किंवा प्रियकर दुसरीच्या वाटेत आणतो. प्रसंग जोरदार होतो यात शंका नाही. पण त्या प्रसंगानंतर वाचकाचं लक्ष कुठं गेलं ते पाहायला हवं. तो आता कुणाला निवडणार, असं वाचक विचारू लागला की प्रेमकथेचा उघडा प्रश्न परत आला आणि दोघी एका पुरुषाच्या कथेत दोन बाजू होऊन बसल्या.

यासाठी पुन्हा खोडायचीच कसोटी लावता येते. भांडणाच्या प्रकरणातून पुरुषाचं नाव काढा. त्यानंतरही दोघींना भांडायला कारण उरतं का? शांता-मालनच्या कथेत मालनच्या नवऱ्याला जमीन विकायची आहे, शांताच्या मुलाला डाळिंब ठेवायचं आहे. दोघांना बाजूला केलं तरी बापाच्या आजारपणाचं देणं शिल्लक राहतं. म्हणजे हे भांडण दोघींचं आहे.

पुरुष आलाच नाही पाहिजे असा याचा अर्थ नाही. टोनी मॉरिसन यांच्या १९७३च्या ‘सुला’ या कादंबरीत सुला आपल्या मैत्रिणीच्या, नेलच्या, नवऱ्याबरोबर झोपते आणि नवरा घर सोडून जातो. वर वर पाहता हे नेहमीचंच. पण सुलाच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी, अगदी शेवटच्या पानांत, नेलला उमगतं की इतकी वर्षं ती ज्याच्या जाण्यानं झुरत होती असं तिला वाटत होतं तो नवरा नव्हताच. तिला उणीव भासत होती ती सुलाची. मॉरिसन पुरुषाला मध्ये आणतात आणि शेवटी त्याचं वजन काढून घेतात. हे जमतं, कारण पहिल्या भागात दोघी मुलींमधलं नातं इतकं घट्ट रचलेलं आहे की शेवटचं उमगणं आधीच्या पानांतून आलेलं वाटतं. पाया न रचता हे उलटवणं केलं तर वाचकाला ते खोटं वाटेल.

याच जागी एक स्पष्टता हवी. दोन बायकांचं एकमेकींवर प्रेम असेल, एकमेकींबरोबर संसार करायची ओढ असेल, तर ती प्रेमकथा आहे आणि तिला प्रेमकथेचा प्रश्न, टप्पे, विरोध सगळं लागू पडतं. ती त्याच धीटपणे लिहावी. मैत्रीच्या कथेला रंग चढावा म्हणून तशी नुसती शंका पेरून सोडून देणं वाईट. त्यामुळे दोन्ही नात्यांवर अन्याय होतो.

भेट कमी, अंतर जास्त

प्रेमकथेत ताटातूट हा मधला एक टप्पा असतो. ती लांबली की वाचक अस्वस्थ होतो. मैत्रीच्या कादंबरीत, विशेषतः आपल्याकडच्या बायकांच्या, ताटातूट हाच मोठा भाग असतो. लग्नानंतर मुलगी गावाबाहेर जाते आणि मैत्रिणी वर्षातून एखादवेळी, माहेरपणाला किंवा जत्रेला भेटतात. म्हणजे दोघी समोरासमोर नसलेली पानं असलेल्या पानांपेक्षा जास्त होणार. त्या पानांत मैत्री जिवंत कशी ठेवायची?

आपण आखलेली कादंबरी साधारण ऐंशी हजार शब्दांची, तीस प्रकरणांची धरू. माझा अंदाज असा की त्यातली बारा-तेरा प्रकरणं दोघी समोरासमोर असलेली पुरतात. सहा-सात बालपणी आणि लग्नाआधी, उरलेली पुढच्या चाळीस वर्षांत पसरलेली. बाकी सतरा-अठरा प्रकरणांत एकच जण आहे. या प्रकरणांपैकी प्रत्येकात दुसरीमुळे काहीतरी बदललं पाहिजे. नुसती आठवण येऊन चालत नाही. ‘मालनला शांताची आठवण आली, डोळ्यांत पाणी आलं’ हे वाक्य काढून टाकलं तरी प्रकरण तसंच राहतं. पण कोइमतूरमध्ये शेजारची बाई मालनला भिशीत घ्यायला येते आणि मालन नकार देते, कारण भिशी म्हटलं की शांता काय म्हणाली असती ते तिला ठाऊक आहे, तेव्हा शांतानं हजार किलोमीटरवरून एक निर्णय घडवला. अनुपस्थित मैत्रीण निर्णयात दिसली पाहिजे, उसाशात दिसून उपयोग नाही.

पहिला खर्डा झाल्यावर हे मोजता येतं. प्रकरणांची यादी करायची आणि प्रत्येकासमोर तीनपैकी एक खूण करायची: दोघी समोर, एक समोर आणि दुसरीचा परिणाम, दुसरीचा पत्ताच नाही. तिसरी खूण सलग तीनदा आली की कणा सुटला असं धरावं. बहुतेक खर्ड्यांत हे मधल्या भागात, मुलं लहान असतानाच्या वर्षांत सापडतं. तिथं लेखक संसाराच्या तपशिलात रमतो आणि कादंबरी कौटुंबिक होऊन बसते. उपाय म्हणून लगेच एक भेट घुसवायची गरज नसते. असलेल्या प्रकरणातला एखादा निर्णय घ्यायचा आणि त्यामागचं कारण मैत्रिणीकडं वळवायचं.

अंतराच्या वर्षांत टप्प्यांचं काम वस्तू आणि व्यवहार करतात. समाजानं मैत्रीला साखरपुडा दिला नाही, तेव्हा अर्धेलीची ज्वारी हाच आपल्या कथेतला टप्पा. दरवर्षी सुगीनंतर शांता मालनच्या वाट्याची पोती मालनच्या सासरी पोचवते. पहिल्या वर्षी पोत्यात वर शेंगांची पुरचुंडी असते. एका दुष्काळी वर्षी शांता आपल्या वाट्यातलं घालून मालनचं पोतं भरते आणि सांगत नाही. पुढं कधीतरी पोत्यांऐवजी पैसे जातात, मग मुलाच्या हातून जातात, मग त्याच्या मोबाइलवरून मालनच्या मुलाच्या खात्यात. एकच व्यवहार चार रूपांत आला आणि नातं कुठं पोचलं हे वाचकाला न सांगता कळलं. असा एकच व्यवहार पुरतो. चार-पाच वस्तू पेरल्या तर एकीचंही वजन राहत नाही.

तुटणं कसं लिहायचं

प्रेमकथेत तुटण्याची भाषा तयार असते. ‘आपलं संपलं’ म्हणता येतं. मैत्रिणी असं म्हणत नाहीत. म्हणून हा प्रसंग दुसऱ्याच कुठल्यातरी विषयावर बोलत लिहावा लागतो, आणि त्यात दोघींची बाजू खरी असावी लागते. एकजण चुकीची ठरली की वाचक न्याय करून मोकळा होतो आणि पुस्तक मिटतो.

आपल्या कथेत मालनला दीराकडून एक पाणीपट्टीची पावती दिसते. तिच्या रानाच्या पाण्याचा अर्ज आणि पावती शांताच्या मुलाच्या नावावर. दीर म्हणतो, आज पाण्याला नाव लागलं, उद्या कूळ लागेल. कायद्यानं तसं होईल की नाही हा भाग वेगळा. बाहेरगावी राहणाऱ्या जमीनमालकाच्या मनात ही भीती पिढ्यान्‌पिढ्या बसलेली आहे आणि कथेला तेवढं पुरतं. मालन शांताच्या सोप्यात येऊन बसते. चहा पुढ्यात आहे.

“डाळिंब लावलीस म्हणं.”

“पाणी आलं. लावली.”

“इचारलं न्हाईस.”

“फोन केलता. तुझ्या सुनंनं उचलला. आत्या झोपल्यात म्हणाली.”

“मला सांगितलं न्हाई तिनं.”

“मग मी काय करू? कोइमतूरला चालत येऊ?”

“पावतीवर पोराचं नाव हाय.”

“अर्ज करायला माणूस लागतोय हितं. तू हायीस का हितं?”

“माझ्या बापाचं रान हाय ते, शांते.”

“तुझ्या बापाला शेवटचं पाणी कुणी पाजलं, त्ये कुठल्या पावतीवर हाय, मालने?”

या दहा ओळींत काय झालं ते सावकाश पाहू. सुरुवात डाळिंबापासून होते आणि बराच वेळ दोघी व्यवहाराचंच बोलतात. मुख्य गोष्ट फक्त शेवटच्या वाक्यात येते. ती आधी आली असती तर प्रसंग तिथंच संपला असता. सुनेनं उचललेला फोन महत्त्वाचा आहे, कारण त्यात दोघींचा दोष नाही. चाळीस वर्षांत दोघींच्या मध्ये किती माणसं येऊन बसली हे त्यातून दिसतं. आणि शेवटचं वाक्य बोलायला शांताला बंदी होती. मैत्रीत केलेलं काम मोजून दाखवायचं नाही, हा दोघींनी आयुष्यभर पाळलेला नियम. तो नियम मोडला जातो, तिथं मैत्री तुटते. मोठा आवाज, रडणं, उठून जाणं यांतलं काही नसलं तरी चालतं. मालन चहा पिऊन उठली तरी वाचकाला कळेल.

यावरून कामाची एक रीत निघते. तुटण्याचा प्रसंग लिहायच्या आधी या दोन बायकांमधला न बोललेला नियम कोणता, ते ठरवायचं. मग पहिल्या भागात तो नियम पाळला जाताना किमान तीनदा दाखवायचा. शांता पोतं भरते आणि सांगत नाही, हा त्यातला एक प्रसंग. मालन हार घालते आणि वजन विचारू देत नाही, हा दुसरा. बाप गेल्यावर मालन शांताचे आभार मानायला तोंड उघडते आणि शांता तिला चहाची बशी पुढं करून गप्प करते, हा तिसरा. हे तिन्ही नसतील तर सोप्यातलं शेवटचं वाक्य नुसतं टोमणा वाटेल. हस्तलिखितांमध्ये भांडण फिकं पडतं त्याचं कारण बहुतेकदा भांडणाच्या प्रकरणात नसतंच. ते शंभर पानं आधी असतं.

हा प्रसंग कादंबरीत साधारण दोन तृतीयांशावर, तीस प्रकरणांपैकी विसाव्याच्या आसपास ठेवावा. प्रेमकथेतही मोठी फाटाफूट अशाच जागी, बरेचदा याहूनही उशिरा येते, पण तिथं पुढं चटकन मिलनाकडं जायचं असतं. इथं तुटल्यानंतरची दहा प्रकरणं लागतात, कारण तुटल्यावर कुणी समजूत घालायला येत नाही. गावात बायका म्हणतात, असू दे, आता वय झालं, नातवंडं बघा. हे नुकसान कुणाच्या खिजगणतीत नाही, हाच त्या दहा प्रकरणांचा विषय आहे. शांता चुलीपुढं बसून हे कुणाला सांगू शकत नाही. नवरा गेला असता तर बायका येऊन बसल्या असत्या.

कुणाच्या तोंडून सांगायचं

याबद्दल थोडक्यात. आळीपाळीनं एक प्रकरण शांताचं, एक मालनचं असं लिहिण्याचा मोह होतो, कारण दोघींना न्याय मिळाल्यासारखा वाटतो. पण मग पाणीपट्टीच्या पावतीमागचं कारण वाचकाला आधीच कळलेलं असतं आणि सोप्यातला प्रसंग नुसता गैरसमज होऊन बसतो. एकीच्याच नजरेतून लिहिलं तर दुसरीचं मन बंद राहतं, आणि मैत्रीत नेमकं तेच असतं: इतकी वर्षं जवळ असून ती काय विचार करते ते नक्की माहीत नाही. मी शांताची नजर निवडीन. मागं राहिलेलीची नजर, कारण वाट बघणं तिच्याकडं आहे. मालनचं कोइमतूर मग आपल्याला तिच्या बोलण्यातून, बदललेल्या कपड्यांतून, पाठवलेल्या फोटोंतून तुकड्यातुकड्यानं दिसेल. वर सांगितलेला भिशीचा प्रसंग मात्र या निवडीत सरळ लिहिता येणार नाही. तो मालननं कधीतरी बोलता बोलता सांगावा लागेल, आणि तसा सांगितलेला जास्त चांगला लागेल, कारण आपलं बोलणं इतक्या लांब पोचतं हे शांताला तेव्हा पहिल्यांदा कळेल.

शेवट

प्रेमकथा मिलनावर किंवा कायमच्या वियोगावर संपते. मैत्रीच्या कादंबरीत दोघी रडून एकमेकींना मिठी मारतात, तो शेवट फसवा वाटतो, कारण ज्या विषमतेमुळं भांडण झालं ती मिठीनं मिटत नाही. रान मालनचं आहे, कष्ट शांताचे आहेत, हे तसंच आहे. दोघींपैकी एकीला मारून संपवणं हाही सोपा मार्ग. मृत्यूमुळं प्रश्न सुटत नाही, थांबतो.

चालणारा शेवट मुख्य प्रश्नाकडं परत जातो: नातं कुणाच्या जिवावर चालणार? आपल्या कथेत उत्तर असं देता येईल. दोन वर्षं बोलणं बंद आहे. मालन रान विकायचं ठरवते आणि खरेदीखताच्या दिवशी विट्याला येते. शांताही येते. कुणी बोलावलेलं नाही. मालन विक्रीच्या पैशातून शांताचा वाटा मोजून देते आणि शांता पहिल्यांदाच ‘नको’ न म्हणता ते पैसे मोजून घेते. आयुष्यभर हिशेब न करणाऱ्या दोघी समोरासमोर हिशेब करतात, तोही चोख. मग शांता विचारते, परतीची गाडी किती वाजता. दोघी त्या गाडीपर्यंत एकत्र थांबतात की नाही, हे लिहिणाऱ्यानं आपल्या दोघींना ओळखून ठरवावं. पण नियम बदलला आहे, आणि तो दोघींनी मिळून बदलला आहे. हे प्रकरण अडीच-तीन हजार शब्दांच्या वर जाऊ देऊ नये, त्यात बालपणाची आठवण एकही घालू नये, आणि पैसे मोजण्याचा भाग नोटांच्या बंडलांसकट पूर्ण लिहावा. तिथं घाई केली तर आधीच्या एकोणतीस प्रकरणांत साठवलेलं वजन खर्चच होत नाही.